खाटेवरून न दिसणारी चूल

माझ्या वडिलांनी घरात ज्या ज्या वस्तू फेकल्या, त्यांत धोटा सगळ्यात वाईट. मागावर ताण्यातून इकडून तिकडे पळणारी ती लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी चढवलेली. कारखान्यात बाद झालेले धोटे आबा घरी आणत, मायनं चुलीत घालावेत म्हणून. पण चुलीत जाण्याआधी त्यातले बरेचसे मायच्या अंगावरून जात. तिच्या डाव्या भुवईवर आडवी खूण होती. कोणी विचारलं तर माय सांगायची, नळावर पाय घसरला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचा पाय त्याच नळावर घसरलेला होता.

सुरतेत नवागामला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आबा तरुणपणी धुळ्याकडून आले, दुसऱ्याच्या मागावर राबले, मुकादम झाले, आणि मग भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे चार जुने माग टाकले. घर त्यांच्या कमाईचं. पुढच्या खोलीत त्यांची खाट, मागच्या खोलीत मायची चूल. मध्ये एका विटेची भिंत आणि एका कडेला दार. ही भिंत लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्या भावानं तीच पाडली.

आबांकडे आम्हाला धाकात ठेवायला दुसरं हत्यार होतं, मृत्युपत्र. ते त्यांनी रीतसर करून, रजिस्टर करून, गोल शिक्क्यांसकट खाटेखालच्या पेटीत ठेवलं होतं. घर भावाला, माग भावाला, मायला भावानं सांभाळावं, आणि मी लग्न करून जाईनच, असा एकूण मामला. भावाशी वाजलं की पेटी उघडायची. लाल पेन निघायचं. भावाच्या नावावर आडवी रेघ, आणि समासात दुसऱ्या कोणाचं तरी नाव. कधी पुतण्याचं, कधी मावसभावाचं, एकदा तर गावाकडच्या भैरोबाचं. मग भाऊ आठ दिवस शहाण्यासारखा वागायचा, आबांचे पाय चेपायचा, आणि नवव्या दिवशी त्याचं नाव पुन्हा वर लिहिलं जायचं. त्या कागदावर शेवटी इतकं लाल झालं होतं की मूळचं टायपिंग वाचायला डोळे ताणावे लागत.

मी तेव्हा नानपुऱ्यात कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिस्ट होते. सुरती माणूस, बोलायला गोड, कायद्यात कडक. एकदा मी त्यांना सहज विचारलं, की साहेब, मृत्युपत्रावर नंतर पेनानं खाडाखोड केली तर?

"सही?"

"नाही."

"बे साक्षी?"

"नाही."

"तो बधुं नकामुं, बेन," ते चहा फुंकत म्हणाले. "आधी जे टाइप केलेलं, तेच उभं राहतं. बदल करायचा तर मृत्युपत्र केलं तसंच करायला लागतं. सही आणि दोन साक्षीदार."

मी हे घरी सांगितलं नाही. त्या लाल पेनानं निदान आठ दिवस घरात भांडी शाबूत राहायची. ते सुख मी कशाला घालवू?

मग एक दिवस शेडमध्ये आबांनी चार कामगारांसमोर भावाच्या थोबाडीत मारली. ते नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी भावानं त्यांचा हात धरला, पिरगाळला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडावर ठोसा घातला. आबा घरी आले तेव्हा सदऱ्याच्या पुढच्या बाजूला रक्त होतं आणि खालचे दोन दात त्यांनी खिशात घालून आणले होते. त्यांनी कोणाला मारलं नाही, ते ओरडले नाहीत, त्यांनी पेटीही उघडली नाही. इतकी भीती मला धोट्याची कधी वाटली नव्हती.

सकाळी म्हणाले, "चाल. तुना साहेबकडे."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि लाल झालेला कागद बघून मान हलवली. नवं मृत्युपत्र करायचं की पुरवणी, असं विचारलं. आबांना पुरवणी म्हणजे काय ते कळेना. साहेबांनी समजावलं, की मृत्युपत्र तसंच ठेवून त्यातला एखादा भाग बदलायचा, तर स्वतंत्र कागद करतात, त्याला कोडिसिल म्हणतात. जो भाग बदलला तो रद्द, बाकीचं जसंच्या तसं. दोन्ही एकत्र वाचायची. आणि जिथं दोघांचं जुळत नाही तिथं नंतरचं चालतं.

"माग पोऱ्याकडंच राहू द्या," आबा म्हणाले. "त्याला दुसरं येतं काय? घर काढा त्याच्याकडून."

"घर कोने?"

आबांनी याचा विचारच केला नव्हता. काढायचं होतं, द्यायचं कोणालाच नव्हतं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिनी मायले."

मायवर प्रेम होतं म्हणून नव्हे. जिला भाऊ सगळ्यात कमी किमतीची समजतो तिच्या हाती घर गेलं म्हणजे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतील, एवढंच. मी ते ओळखलं आणि तरी टाइप करताना माझ्या बोटांना घाम सुटला. ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे एक कार्बन घातला. साहेबांनी मजकूर मोठ्यानं वाचून, गुजराती आणि मराठीत फोडून सांगितला. आबांनी मोडक्या मराठी अक्षरात सही केली. ऑफिसचे म्हातारे क्लार्ककाका आणि आमच्याच गल्लीतले, त्या दिवशी कसल्याशा प्रतिज्ञापत्रासाठी आलेले शाळामास्तर, दोघांनी ती सही होताना पाहिली आणि आबांसमोर आपापल्या सह्या केल्या. सही केलेली प्रत आबांकडे, बिनसहीची कार्बन प्रत ऑफिसच्या फायलीत.

"आन शिक्का?" आबांनी विचारलं.

शिक्क्याची सक्ती नाही, साहेब म्हणाले. आबांना ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात रजिस्टर करू म्हणाले. पुढचा आठवडा आला तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं होतं.

घरी त्यांनी मायला ही बातमी त्यांच्या रीतीनं दिली होती. कागद तिच्या मांडीवर फेकला आणि म्हणाले, "घे. हाई घर तुनं." मायला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून तो कागद तीनदा वाचून घेतला. तिसऱ्या वेळी ती फक्त स्वतःचं नाव कुठं आहे त्यावर बोट ठेवून बसली. मग आबांनी तो काढून घेतला आणि पेटीत टाकला.

त्या ठोशानंतर शेडमध्येच राहिलेला भाऊ लकवा झाल्यावर घरी परत आला. शेड तोच चालवणार होता, आबांना त्याच्याशिवाय गत नव्हती. आबांचा डावा हात मात्र शिल्लक होता, आणि तो हात महिनाभरात काठीनं मारायला शिकला. बोलणं लडबडीत झालं होतं, पण शिव्या स्पष्ट येत. माय त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, त्यांची घाण काढायची, आणि मध्येमध्ये काठी खायची.

एका दुपारी ती त्यांना खिचडी भरवत होती. गरम लागली असावी. त्यांनी वाटी उडवली आणि काठी तिच्या कानावर घातली. माय खाली बसली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. तिनं पदरानं ती पुसली, उठून उभी राहिली, आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"आते हाई घर मनं शे. मना आंगले हात लावू नका."

एवढंच म्हणाली. बादली उचलली आणि नळावर गेली.

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या शब्दांनी भावाला डिवचायचं होतं तेच शब्द उलटून त्यांच्याच तोंडावर आले होते. त्यांनी काठीनं पेटी दाखवली.

"कागद आन. त्या तुना साहेबना."

मी आणला. पुरवणी, दोन पानं, टाचणी लावलेली.

"पेटाडी दे."

त्यांच्या उशाशी बिडीबंडल आणि काडेपेटी असायची. त्यांनी डाव्या हातानं काडेपेटी माझ्याकडं ढकलली. "देखू दे माले," म्हणाले. मला बघू दे.

आता मी जे केलं ते सांगते. त्या ऑफिसात मी हे कलम कितीदा टाइप केलं होतं. मृत्युपत्र किंवा पुरवणी रद्द करायची तर नंतरचं दुसरं मृत्युपत्र करावं, किंवा रद्द करतो असं लिहून तितक्याच रीतीनं सही-साक्षी कराव्यात, किंवा करणाऱ्यानं स्वतः रद्द करायच्या इराद्यानं ती जाळावी, फाडावी, नष्ट करावी. किंवा दुसऱ्या कोणी त्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्यासमोर. सांगण्यावरून आणि त्याच्यासमोर, दोन्ही. माझ्या हातात तो कागद होता, समोर काडेपेटी होती, आणि बाहेर नळावर माझी माय रक्ताची मान धूत होती. मी तिथं काडी ओढली असती तर ते घर तिचं उरलं नसतं. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी भावानं ते काम त्यांच्यासमोर आनंदानं केलं असतं.

मी म्हटलं, "आबा, इथं गादी पेटेल. आत चुलीत टाकते."

आणि मी आत गेले. दाराच्या आडच्या भिंतीला चूल होती. भाकरीसाठी आर फुललेला होता. मी पानं त्यात टाकली. ती आधी कडेनं तपकिरी झाली, मग भडकली. माझ्या आणि खाटेच्या मध्ये ती विटांची भिंत होती. त्यांना धूर दिसला असेल, वास आला असेल. पण आग दिसली नाही, कागद दिसला नाही, मी दिसले नाही.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा आबांनी त्याला लडबडत्या जिभेनं सांगितलं, "तो कागद गया." भाऊ माझ्याकडे बघून हसला. तो कागद कसा गेला हे त्यानं विचारलं नाही. आबा अडीच आठवड्यांनी गेले.

आमच्याकडे गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, सगळे भाऊबंद बसतात. त्या दिवशी भावानं शिक्क्यांचं मृत्युपत्र सगळ्यांपुढं ठेवलं. पुरवणीचं मी सांगितलं तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी मला गप्प केलं. त्यांच्या मते रजिस्टर केलेला कागद पक्का आणि बाकी सगळं रद्दी. हा समज इतका घट्ट असतो की त्यापुढं कायद्याचं काही चालत नाही. "आन तो कागद तर बापनीच जाळायले लावा," भाऊ म्हणाला, म्हणजे बापानंच जाळायला लावला. मग त्यानं मायला सांगितलं, गावाकडं जा, काकाच्या ओसरीवर राहा.

मायनं भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची पेटी रस्त्यावर फेकली. पत्र्याची पेटी, आपटून फुटली, लुगडी गटारीच्या कडेला पडली. मायनं ती गोळा केली, धुतली, आत वाळत घातली. तिसऱ्या दिवशी त्यानं तिचे केस धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या, हातात लाटणी आणि चपला घेऊन. त्यातल्या दोघींनी त्याला असं हाणलं की पुढं त्यानं मायला उघड हात लावला नाही. पुढची खोली त्यानं घेतली, मागच्या खोलीत माय आणि मी. मग त्याला कोणी तरी वकील भेटला, आणि घर माझं आहे, ताबा द्या, असा दावा मायवर लागला.

त्याच्या वकिलानं त्याला कायदा शिकवला. मला ते त्याच आठवड्यात कळलं. मी ऑफिसातून आले, चप्पल काढत होते, आणि त्यानं मागून माझी वेणी धरून मला भिंतीवर आदळलं.

"कोर्टमा काय सांगशी?"

त्यानं वेणीला हिसका दिला.

"आबासमोर जाळा, आस सांगजो. खाटना कडे उभी राहीसन जाळा."

मी म्हटलं, आत जाळला. त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. मी पुन्हा म्हटलं, आत जाळला. त्यानं मागाचा चामडी पट्टा आणला होता. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. माय मध्ये पडली तेव्हा दोन पट्टे तिच्या पाठीवर बसले. मी ओरडले नाही, आणि हे शौर्य म्हणून सांगत नाही. आमच्या घरात ओरडण्यानं मार वाढतो हे लहानपणीच कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी मान बघितली, पाठ त्यांना दाखवायची नव्हती. त्यांनी चहा मागवला आणि मग एक गोष्ट सांगितली, जिच्यावर मला आधी हसू आलं आणि मग रडू.

"मान की तुझा भाऊ म्हणतो तेच सिद्ध झालं. कागद बापासमोर जाळला, पुरवणी रद्द. तर काय होणार, जुनं मृत्युपत्र परत उठून उभं राहणार? नाही. पुरवणीनं घराचा भाग एकदा रद्द केला तो केला. नंतर पुरवणीही गेली म्हणून तो भाग आपोआप जिवंत होत नाही. पुन्हा सही-साक्षी करून करायला लागतो. तुझ्या बापानं तो केला नाही. मग घराचं मृत्युपत्रच नाही. त्रण भाग. तारी मा, तारो भाई, अने तू."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊ तुला मारतोय," साहेब म्हणाले, "ते तुला हिस्सा मिळावा म्हणून. एने खबर नथी."

म्हणजे खोटं बोलले तर मला घराचा तिसरा हिस्सा. खरं बोलले तर काही नाही, घर मायचं. मी त्या दिवशी बसमध्ये उभ्यानं घरी जाताना या हिशेबाचा विचार केला. केला नाही म्हणणार नाही. माझं लग्न झालेलं नव्हतं, पगार तुटपुंजा होता, आणि पाठ पेटली होती.

त्याच सुमारास सुरतेत प्लेगची धावपळ झाली. तोंडाला रुमाल बांधून माणसं ट्रकमध्ये बसून पळाली. शाळामास्तरही बायकापोरांसह गावाकडं गेले आणि परत आले नाहीत. भावानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पण दोन्ही साक्षीदार लागत नाहीत, एकानं सगळं शपथेवर सांगितलं तरी भागतं. क्लार्ककाकांनी पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की सही त्यांच्यासमोर आणि मास्तरांसमोर झाली, वाचून दाखवलं, त्या गृहस्थांचं डोकं ठिकाणावर होतं, फक्त तोंड सुजलेलं होतं. मूळ कागद जळाला होता म्हणून कार्बनची प्रत दाखल झाली. क्लार्ककाकांनी ती डोळ्यांजवळ धरून बघितली आणि हीच, असं म्हटलं.

उरला एकच प्रश्न, समोर की आड. भावाच्या वकिलानं अर्ज केला की कोर्टानं माणूस पाठवून जागा बघावी, खाटेवरून चूल दिसते का ते मोजावं. दाराच्या फटीतून दिसत असेल असं त्याला वाटलं असावं. कोर्टानं एक तरुण वकील नेमला आणि तारीख दिली.

तारखेच्या आदल्या दुपारी भाऊ शेडवरून घण घेऊन आला.

माय चुलीपुढं होती, मी ऑफिसला सुट्टी घेतलेली. पहिला घाव पलीकडून बसला आणि आमच्या बाजूचं प्लास्टर पोळपाटावर पडलं. मला आधी कळलंच नाही तो काय करतोय. दुसऱ्या घावाला भोक पडलं आणि त्यातून त्याचं तोंड दिसलं, घामानं भिजलेलं, विटकरी धुळीनं माखलेलं. मग कळलं. चूल खाटेवरून दिसायला हवी होती, म्हणून तो भिंतच काढत होता. मी दारातून पुढच्या खोलीत धावले आणि घणाच्या दांड्याला लोंबकळले. त्यानं मला झटकलं. मी भिंतीशी पडले, त्यानं घण उचलला, आणि मला वाटलं की हा आता माझ्यावर येणार. तो भिंतीवरच आला. वरच्या चार-पाच विटा सुटल्या आणि माझ्या डाव्या हातावर पडल्या. मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

माय भोकातून बाहेर आली. दारातून नाही, भोकातून. तिच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड होतं. जुना धोटाच होता, एका टोकाला अजून लोखंड. तिनं तो भावाच्या खांद्यावर दाबला. सदरा जळाला, कातडी जळाली, तो किंचाळला. तिनं काढला नाही. तो मागं सरत सरत दाराबाहेर गेला तेव्हाच तिनं हात खाली घेतला. मग ती माझ्याजवळ बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मार खाताना ती कधी रडली नव्हती. मारल्यावर रडली.

आम्ही दवाखान्यात होतो तेवढ्यात भावानं शेडवरची माणसं आणून उरलेली भिंतही पाडून घेतली. दुसऱ्या दिवशी तो तरुण वकील फीत घेऊन आला. माझा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानं सगळं मोजलं, मग बूट काढून खरंच आबांच्या खाटेवर आडवा झाला आणि चुलीकडे बघितलं. चूल स्वच्छ दिसत होती. भाऊ खांद्याला फडकं बांधून कोपऱ्यात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तरुण उठला, विटांच्या तुटक्या कडांवर बोट फिरवलं. आतून लाल, ताज्या. फरशीवर पडलेला चुरा झाडलाही नव्हता. भिंत जिथं होती तिथं फरशीवर आणि छताखाली चुन्याची सरळ रेघ होती. त्यानं शेजारच्या दोघींना विचारलं, आणि त्यांनी कालच्या दुपारपासून सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि भावाची सही घेतली. भावानं सहीसुद्धा केली. आपण काय सही करतोय ते वाचायची आमच्या घरात पद्धत नव्हतीच.

माझी साक्ष शेवटी झाली. गळ्यात हात बांधलेला.

भावाच्या वकिलानं विचारलं, "काडेपेटी खाटेवर उशाशी होती?"

"होती."

"वडिलांनी ती तुम्हाला दिली?"

"दिली."

"मग तुम्ही आत कशाला गेलात?"

गादी पेटेल म्हणून, हे उत्तर तयार होतं. साहेबांनाही तेच अपेक्षित होतं. पण मला त्या क्षणी इतका संताप आला, आबांचा, भावाचा, त्या पट्ट्याचा, की मला अर्धवट काही बोलावंसंच वाटेना.

"त्यांच्यासमोर जाळलं तर रद्द होतं, हे मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "रद्द होऊ नये म्हणून आत गेले. गादीचं त्यांना खोटं सांगितलं."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांनी मला विचारलं, पुरवणी रद्द ठरली तर तुम्हाला स्वतःला काय मिळतं, ठाऊक आहे का? मी म्हटलं, तिसरा हिस्सा. बाहेर पडले तर भावानं भर व्हरांड्यात माझ्या कानाखाली जाळ काढला, आणि शिपायांनी त्याला धरलं. तिसरा हिस्सा हा शब्द त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता.

निकाल पुढच्या वर्षी आला. वडिलांना पुरवणी रद्द करायची होती, इच्छा होती, सांगणंही होतं, पण कायद्यानं सांगितलेली रीत पुरी झाली नाही. म्हणून पुरवणी उभी. रजिस्टर मृत्युपत्र घराबाबत तिच्यापुढं चालत नाही, मागांबाबत चालतं. माग भावाचे, घर मायचं. भाऊ शेडमध्ये राहायला गेला. मायनं गवंडी बोलावून भिंत पुन्हा बांधून घेतली, होती तिथंच. गवंडी म्हणाला मोठी एकच खोली छान दिसेल. माय म्हणाली, भिंत पाहिजे.

एक गोष्ट मी साक्षीत सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही.

कागद जळून गेल्यावर मी त्याची राख ताटलीत घेऊन पुढच्या खोलीत गेले होते. आबांना दाखवली. म्हटलं, "जाळला, आबा." त्यांनी राखेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांचा डावा हात वर उचलला गेला. मी डोळे मिटले आणि मान खाली घातली, नेहमीसारखी, मार कमी लागावा म्हणून.

हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. जड होता. त्यांनी दोनदा माझे केस थोपटले आणि म्हणाले, "मनी पोर."

पुन्हा कधी तो हात माझ्यावर तसा आला नाही. मी ताटली धरून उभी होते, आणि मी त्यांना फसवलं होतं.